सात प्रश्न आणि एक रिकामी ओळ

ताई गेली त्या दिवशी मी रडले नाही, चिडले. राग माझ्या नाकावरच असतो, हे अकोल्यात मी जिथं जिथं गणित शिकवलं तिथल्या सगळ्या पोरी सांगतील. पण त्या दिवशीचा राग वेगळाच होता. अमरावतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "दीड-दोन महिने तरी दम लागत असेल त्यांना. कधी बोलल्या नाहीत का?" मी म्हटलं, "नाही." त्यानं पुन्हा विचारलं, "काहीच नाही?" मी पुन्हा म्हटलं, "नाही. माझं रोज बोलणं होतं तिच्याशी. नाही बोलली."

मग त्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी ओरडले की काय सांगू. रोज सकाळी बोलतेस, शेअरचा भाव सांगतेस, दुधाचा भाव सांगतेस, भाचीच्या सासूचं गाऱ्हाणं सांगतेस, आणि दम लागतो एवढं सांगता येत नाही? कोणापासून लपवत होतीस, माझ्यापासून? तिची मुलगी, माझी भाची, पुण्याहून येईपर्यंत मी तशीच धुमसत बसले होते. लोक येऊन खांद्यावर हात ठेवत होते आणि मला ते हात झटकून टाकावेसे वाटत होते.

हे सगळं मी लिहायला बसले ते एका कागदामुळे. तो कागद मीच केला होता.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमच्या घरातली पहिली नोकरीवाली. पोस्टात होती, तिवशाला, मग धामणगाव रेल्वेला, शेवटची बरीच वर्षं अमरावतीतच काउंटरवर. आमचा बाप दुसऱ्यांच्या शेतात राबला आणि त्यानं दोन्ही पोरींना शिकवलं. त्यातली मोठी सरकारी खुर्चीत बसली, तर वस्तीतल्या बाया नुसतं तिला बघायला पोस्टात यायच्या, पाच रुपयांचं पाकीट घ्यायच्या आणि ते घरी तसंच ठेवायच्या. भाऊजी लवकर गेले. भाचीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. ताई निवृत्त झाली आणि राजापेठेकडच्या घरात वरच्या मजल्यावर एकटी राहू लागली. खाली घरमालक, वर ती, मध्ये बावीस पायऱ्यांचा उभा जिना.

मी शेअरबाजार शिकले तो टाळेबंदीत, क्लासेस बंद होते म्हणून. गणिताच्या बाईला आलेख दिसला की हात शिवशिवतातच. मी दिवसाचा सौदा दिवसात मिटवणाऱ्यांतली नाही. चार-सहा आठवडे ठेवायचं, बाहेर पडायचं. ताई निवृत्तीनंतर घरात नुसती भिंती बघत होती, म्हणून मीच तिला नादी लावलं. "थोड्याशा पैशानं शिक," म्हटलं. "डोकं चालतं राहील."

डोकं चाललं नाही, मन चाललं! तिला चार्ट आवडायचे. खरंच, साडी आवडावी तसे. "हा पाह्य वं, कसा मस्त निघाला," म्हणायची. "हा भरलेला दिसून राह्यला." "याच्यात जीव हाय, मले वाटते." आणि घ्यायची. एकदा तिनं एका कंपनीचा शेअर घेतला कारण चार्टमधल्या हिरव्या कांड्या तिला जोंधळ्याच्या ताटांसारख्या दिसल्या. तो घसरला. तिनं विकला नाही. "येईन वर, मले वाटते." आणखी घसरला. मी विचारलं, कुठं आल्यावर विकणार? तर म्हणे, "पाहू न मंग." असं "पाहू मंग" करता करता तिनं त्याच्याकडे पाहणंच सोडून दिलं.

मी त्या रविवारी पहिल्या गाडीनं अमरावतीला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात भाषण तयार होतं.

ती माझ्या आवडीचे गिले वडे, म्हणजे दह्यातले वडे, पिशवीभर आणून बसली होती, म्हणजे मला राग येणार हे तिला ठाऊक होतं. मी वडे बाजूला सारले आणि वही काढली. म्हटलं, "आजपासून 'वाटते' बंद. तुझ्या प्रत्येक 'वाटते'चा मी प्रश्न करणार. उत्तर फक्त हो किंवा नाही. तिसरं काही नाही."

"अवं पण काही काही गोष्टी वाटतातच न!"

"वाटतात तर काहून वाटतात ते सांग."

मग आम्ही दिवसभर तेच केलं. ती म्हणायची, "वर चालला हाय." मी म्हणायची, वर म्हणजे काय? उत्तर निघालं: आजचा बंद भाव पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का? आणि ती सरासरी स्वतः वीस दिवसांपूर्वी होती त्याहून आज वर आहे का? हे दोन प्रश्न झाले. ती म्हणायची, "भिंत फोडून निघाला." कुठली भिंत? गेल्या वीस दिवसांतला सर्वांत वरचा भाव. फोडली कधी म्हणायचं? दिवसभरात नुसतं डोकं वर काढून खाली आला तर ते फोडणं नव्हे; बाजार बंद होताना वर असला तरच. तिसरा प्रश्न. "जोरात निघाला" याचा चौथा प्रश्न झाला: आज हात बदललेल्या शेअरांची संख्या वीस दिवसांच्या सरासरीच्या दीडपट तरी आहे का?

पाचवा होता कंपनीच्या तिमाही निकालाचा, कारण निकालाच्या दिवशी चार्ट कोणाचंच ऐकत नाही. मी लिहिलं होतं, "पाच दिवसांत निकाल आहे का?" ताईनं तिथं मला पकडलं. म्हणाली, "हे पाह्य, बाकी ठिकाणी हो आलं का चांगलं, अन् इथं नाई आलं का चांगलं. असं नसते चालत. काउंटरवर असा फॉर्म आला असता तर अर्ध्या लोकाईनं उलटं भरलं असतं." खरंच होतं ते. आम्ही तो फिरवला: निकाल पाच दिवसांहून लांब आहे का? म्हणजे सगळीकडे हो म्हणजे बरं, आणि नाही म्हणजे थांब. ती सुधारणा तिची. मला गणित येत होतं, तिला माणूस कुठं चुकतो ते माहीत होतं.

सहावा प्रश्न, "वर गंज जागा हाय", म्हणजे भरपूर जागा आहे, याचा. वरच्या जुन्या अडथळ्यापर्यंतचं अंतर, खाली आपण जिथं हार मानून विकणार तिथपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट तरी आहे का? सकाळी भाव उंचावर उघडला तर हा प्रश्न परत मोजायचा. आणि सातवा, ज्याच्यासाठी मी आले होते: विकण्याचा भाव घेण्याआधी लिहिला आहे का, आणि तिथं विकावं लागलं तर एकूण पैशाच्या शंभरातला एकच भाग जाईल का?

परीक्षा एकच ठेवली होती मी. दोन माणसांनी वेगवेगळ्या खोलीत बसून तोच चार्ट पाहिला तर दोघांचं उत्तर एकच आलं पाहिजे. नाही आलं तर प्रश्न कच्चा.

आठवा प्रश्न ताईनं सुचवला. "मन ठिकाणावर हाय का?"

मी हसले. "हे मोजणार कसं?"

"मोजायचं काहून? आपलं आपल्याले समजते."

"मग दोन खोल्यांतल्या दोन माणसांना कसं समजेल?"

"अवं, मन ठिकाणावर नसलं का माणूस भलतंच बटन दाबून बसते. मी काउंटरवर पाह्यलं हाय. अंगात कणकण असली का हजाराच्या जागी शंभर मोजल्या जाते."

आज मला कळतं की तिचंच बरोबर होतं. पण तेव्हा मला जिंकायचं होतं. म्हटलं, "ताई, हा प्रश्न दोन माणसांच्या परीक्षेत बसव, मग घालते. तोवर नाही." आणि आठव्या ओळीतले शब्द खोडले. अकोल्याला येऊन कॉम्प्युटरवर कागद केला, त्यात आठव्या चौकटीतलं फक्त लिहिलेलं पुसलं गेलं, चौकट राहून गेली. शंभर प्रती काढून झाल्यावर दिसलं ते. म्हटलं, राहू दे, रिकामी आहे.

पण पोस्टातल्या माणसाला फॉर्मवर रिकामी ओळ सहन होत नाही. रिकामी जागा सोडली की कोणीही मागून काहीतरी भरतं, ही त्यांची शिकवण. ताई रोज संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर एका शेअरचा कागद भरायची. आधी तारखेचा शिक्का. तोही तिनं बाजारातून मुद्दाम विकत आणला होता, शिक्क्याशिवाय तिला कागद खरा वाटत नव्हता. मग सात प्रश्नांसमोर हो किंवा नाही, आणि आठव्या चौकटीत तिरकी रेघ. सकाळी दूध आणून, चहा ठेवून, कागदाचा फोटो मला पाठवायची. मी सात उत्तरं चार्टशी ताडून बघायची आणि बाजार उघडण्याआधी उत्तर द्यायची: "सगळे हो. घे." किंवा "चौथा नाही. सोड."

एकच भांडण झालं मोठं. सहा हो होते आणि चौथ्यात दीडपटीच्या जागी एक पूर्णांक चार पट होतं. ती फोनवर अगदी हातापाया पडली. "एवढुसं कमी हाय वं. एवढ्यानं काय होते?" मी तो सोडायला लावला. तो शेअर पुढं असा काही चढला की बाई तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुह्या दीडपटीनं माह्या तोंडचा घास घेतला." मी सुनावलं, "एखादा घास जाणारच. सौदा हुकला तर आपल्या गाठीचं काय गेलं? काहीच नाही. पण एका नाहीला जो मान देत नाही, त्यानं यादी करूच नये. आणि अट खाली ओढून हो करून घेणं म्हणजे स्वतःच्याच पोराला पेपर फोडून देणं." ती म्हणाली, "बरं मास्तरीण बाई," आणि तेव्हापासून मला मास्तरीण म्हणायला लागली.

यादी तिला लागू पडली हे मात्र खरं. ती शांत झाली. चढलं तरी ओरडायची नाही, पडलं तर लिहिलेल्या भावाला मुकाट विकून मोकळी व्हायची. वस्तीतल्या दोन बायांना तिनं तो कागद समजावून सांगितला होता. मला फार अभिमान वाटायचा, तिचा आणि त्याहून जास्त माझा.

आता ते सांगते जे मला दवाखान्याच्या बाकावरही आठवत होतं, पण मी मोजत नव्हते.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या फोनवर ती म्हणाली, "आजकाल थकल्यासारखं वाटते मले."

मी चार्ट बघत होते. म्हटलं, "वाटते बंद आहे ना?" ती हसली. मग मी, माझी अक्कल बघा, प्रश्न घातले. ताप आहे? नाई. कुठं दुखतं? नाई. जेवण जातं? हो. झोप लागते? हो. "मग? चारही उत्तरं चांगली आहेत. काही झालेलं नाही तुला. वय झालं तुझं."

"असंन," ती म्हणाली. "बरं, त्या दुसऱ्या प्रश्नाचं पाह्य, सरासरी वर दिसून राह्यली का तुले?"

एवढंच. त्यानंतर तिनं फोनवर कधी विषय काढला नाही. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा हे आठवलं होतं मला. पण थकणं म्हणजे दम लागणं नव्हे, असा मी मनात वाद घातला आणि "नाही" म्हणाले. गणिताची बाई आहे मी, शब्दाला पक्की.

माघात एका सकाळी ती दूध घेऊन वर येत होती. जिन्यात बसली. घरमालकीण सांगत होती की पिशवी मांडीवर नीट उभी धरली होती, दूध सांडलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक बोलले, पोस्टातले जुने लोक आले होते ते बोलले. मला बोलायला सांगितलं तर मी उठले आणि तोंडातून निघालं, "तिनं कोणाला काही सांगितलं नाही, हा तिचा स्वभाव होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते म्हणताना पुन्हा राग आला तिचा. खरं सांगते, त्या क्षणी मला तिची कीव नव्हती, राग होता. मला एकटीला सोडून गेली आणि वर मला आधी कळू पण दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना भाचीनं माझ्या हातात एक फाइल दिली. "मावशी, आईच्या या शेअरच्या कागदांचं मी काय करू? तूच ने." कागद भोकं पाडून, तारखेनं लावून, दोरी बांधून ठेवलेले होते. मी ती मांडीवर घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. बडनेरा गेलं तरी उघडली नाही. मग उघडली, खालून, सगळ्यांत जुन्या कागदापासून, ती तिचं अक्षर बघायला म्हणून.

शिक्का, सात उत्तरं, तिरकी रेघ. शिक्का, सात उत्तरं, तिरकी रेघ. मी पानं उलटत गेले. कुठं हो, कुठं नाही, कुठं आमच्या भांडणातलं ते एक पूर्णांक चार. मग दिवाळीनंतरच्या एका पानावर तिरकी रेघ नव्हती. आठव्या चौकटीत काहीतरी लिहिलं होतं. चौकट लहान, अक्षर बारीक.

"दूध घेऊन बावीस पायऱ्या न थांबता चढली का?" समोर: "नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग पुढचं पान. तोच प्रश्न. नाही. पुढचं. नाही. पुढचं. नाही.

माझी परीक्षा तिनं पास केली होती. दोन माणसांना दोन खोल्यांत बसवा, उत्तर एकच येईल. हो म्हणजे बरं, नाही म्हणजे थांब, हा तिचा नियमही तिनं पाळला होता, नाहीतर "दम लागला का?" असं लिहिणं किती सोपं होतं. "मन ठिकाणावर हाय का" याला मी हसले होते, म्हणून तिनं बसून, विचार करून, पायऱ्या मोजून, मला पटेल असा प्रश्न केला होता. 'वाटते' असा शब्द त्यात कुठंच नव्हता.

पुढं एका पानावर बावीस खोडून अकरा केलं होतं. अकरा पायऱ्या न थांबता चढली का? हो. पाच-सहा पानं हो. मी बसमध्ये मोठ्यानं म्हटलं, "अट खाली ओढलीस, ताई." शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मग अकरालाही नाही. मग सहा. सहाला एक दिवस हो, मग नाही, नाही, नाही.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मला एकच आशा होती. तुम्हाला ती आशा म्हणून कळणार नाही, पण होती. की हे तिनं नंतर लिहिलं असेल. फोटो काढून झाल्यावर, स्वतःसाठी, लपवून. म्हणजे मी त्या बाकावर बोलले ते खरं ठरलं असतं. तिनं मला सांगितलं नाही, आणि मी तिच्यावर रागावले ते बरोबर होतं. तेवढा राग मला हवा होता, त्याच्याशिवाय मी कशी उभी राहणार होते?

फोन काढला. तिचे फोटो उघडले. मागं, मागं, दिवाळीपर्यंत.

प्रत्येक फोटोत होतं ते.

ती फोटो सकाळी पाठवायची, दूध आणल्यावर. सात उत्तरं संध्याकाळची, आठवं सकाळचं. तिचा फोटो कधी तिरका आला नाही, कधी कडा कापल्या गेल्या नाहीत. पूर्ण कागद, शिक्क्यापासून खालच्या चौकटीपर्यंत. मी तो रोज उघडला होता. दोन बोटांनी मोठा करून वरच्या सात ओळी चार्टशी ताडून बघितल्या होत्या. आठवी ओळ रिकामी असते हे मला माहीत होतं, ती मीच रिकामी केली होती, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. एकेचाळीस फोटो. मी बसमध्ये मोजले.

आणि त्यांतल्या कितीतरी फोटोंखाली मी लिहिलं होतं, "सगळे हो."

माझ्या यादीचा एकच नियम होता, बाई. एक जरी नाही असला तर थांबायचं. बाजारात थांबलं तर काही जात नाही, म्हणून नियम सोपा. तिनं मात्र तो रोज मला उलटा करून दाखवला होता: हा बघ नाही, आता तू थांब, हातातलं सोड, ये. बसनं अडीच तास. मी एकदाही आले नाही. ते सौदे नेमके चांगले निघाले, तेही आहेच. मी तिला शाबासकी दिली होती, आणि तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

बोरगाव मंजूच्या पुढं मी रडले. कंडक्टर येऊन पाण्याची बाटली देऊन गेला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण गेलं वं?" मी म्हटलं, "बहीण." ती म्हणाली, "सांगितलं होतं का काही?" लोक विचारतातच असं, कोणी गेलं की. मी म्हटलं, "हो. रोज सांगत होती."

घरी आल्यावर मी भाचीला फोन केला आणि कार्यक्रमात जे बोलले ते खोटं होतं असं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे मावशी. मी म्हटलं, जाऊ कसं दे.

यादी मी अजून वापरते. त्यात वाईट काही नाही. सात प्रश्न आजही बरोबर आहेत, चार्टसाठी. फक्त नव्या प्रती काढल्या नाहीत. तिच्या फाइलीत उरलेले कोरे कागद आहेत, तेच भरते. आठव्या चौकटीत काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि तिरकी रेघ मारायला हात धजत नाही.

शेवटचा कागद फाइलीत सगळ्यात वर होता, कारण ती नवा कागद वर लावायची. तो मी बसमध्ये नीट वाचलाच नव्हता, त्याच्यापर्यंत पोचायच्या आत फोन काढला होता. घरी वाचला. ती गेली त्याच्या आदल्या सकाळचा. शिक्का नीट, जरा दाबून मारलेला. सात प्रश्न, सात हो. खाली सहा खोडून चार केलेलं. "दूध घेऊन चार पायऱ्या न थांबता चढली का?" समोर नाही, आणि त्या नाहीभोवती तिनं पेनानं एक गोल केला होता, मी विद्यार्थ्यांच्या पेपरात चूक दाखवायला करायची तसा.

फोनवर तोच फोटो, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा. त्याच्याखाली माझं उत्तर, आठ वाजून बारा मिनिटांचं: "सगळे हो. घे."

त्याखाली तिचं: "बरं."